चौदा पोस्ट आणि एक राजगड

मराठीत भटकंतीवर लिहिणारे ब्लॉग भरपूर आहेत आणि त्यांतले पुष्कळ मनापासून लिहिलेले आहेत. वाटेवरचा प्रत्येक वळसा, पाण्याचं प्रत्येक टाकं, गावात कोणाकडे जेवायची सोय होते हे सगळं त्यांत असतं. तरीही गुगलवर राजगडाची माहिती शोधणाऱ्याला त्यांतलं फारसं काही सापडत नाही. लिखाण कमी पडतं म्हणून असं होत नाही, ते ज्या रचनेत पडलेलं असतं त्यामुळे होतं. ब्लॉग तारखेनुसार चालतो. आज लिहिलेलं वर, कालचं खाली. वाचक मात्र तारीख घेऊन येत नाही, तो प्रश्न घेऊन येतो.

या अडचणीवरचा उपाय जगभरचे ब्लॉगलेखक गेली काही वर्षं वापरत आहेत. एका मोठ्या विषयासाठी एक मुख्य पान करायचं, त्याला पिलर पेज म्हणतात. त्या विषयाच्या एकेका पोटप्रश्नावर स्वतंत्र पोस्ट ठेवायची आणि ही सगळी पानं एकमेकांना लिंकने जोडायची. अशा जोडलेल्या पोस्टच्या संचाला टॉपिक क्लस्टर म्हणतात. हबस्पॉट या अमेरिकी कंपनीने २०१७च्या सुमाराला ही पद्धत या नावाने लोकप्रिय केली. त्याआधी, २०१३मध्ये, गुगलने ‘हमिंगबर्ड’ नावाचा मोठा बदल केला होता. सुटे शब्द जुळवण्यापेक्षा पूर्ण प्रश्नाचा अर्थ पाहण्यावर त्यात भर होता. त्यामुळे एकाच गोष्टीवर शब्द फिरवून पाच पोस्ट लिहिण्याचा फायदा घटला आणि विषय नीट मांडणाऱ्या पानांचं महत्त्व वाढलं.

आपण एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, एका भटक्याच्या ब्लॉगवर दहा वर्षांत १८० पोस्ट जमल्या आहेत आणि त्यांतल्या चौदा राजगडावर आहेत. चोर दरवाजाच्या वाटेची तीन वर्णनं, पावसाळी मुक्कामाच्या दोन हकिकती, संजीवनी माचीवर एक छान लेख, सुवेळा माचीच्या नेढ्याचे फोटो, राजगड ते तोरणा या ट्रेकवर दोन पोस्ट, इतिहासावर दोन, बालेकिल्ल्यावर एक, पाली दरवाजाच्या वाटेवर एक आणि लहान मुलांना घेऊन गेलेल्या सहलीवर एक.

पहिल्या पानावर दहा पोस्ट दिसत असतील, तर १८० पोस्टची अठरा पानं होतात. ‘जुन्या पोस्ट’ या बटणाशिवाय दुसरा रस्ता नसेल, तर सर्वांत जुन्या लेखापर्यंत पोहोचायला सतरा वेळा ते बटण दाबावं लागेल. इतकं कोणी दाबत नाही. गुगलचा प्रोग्रॅमही मुख्यतः लिंकवरूनच एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. ब्लॉगवरच्या इतर कोणत्याही लेखातून ज्या पानाकडे वाट नाही, त्याला तो उशिरा आणि क्वचित भेट देतो. शिवाय कोणत्या पानाकडे किती आणि कुठून लिंक येतात, यावरून पानाचं वजन ठरवण्याची कल्पना गुगलच्या पायाशीच आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये मांडलेली पेजरँक ती हीच. आज तिच्या जोडीला इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, पण लिंकचा अर्थ संपलेला नाही. आणि आपल्याच ब्लॉगच्या आतल्या लिंक ही एकमेव गोष्ट अशी आहे, जी पूर्णपणे आपल्या हातात असते.

कामाची सुरुवात नवीन लिहिण्याने करू नये. आधी स्प्रेडशीट उघडून चौदाही पोस्ट एकाखाली एक मांडाव्यात. प्रत्येकीसमोर तिचा पत्ता, ती कधी लिहिली ते वर्ष आणि ती ज्या एका प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न, पूर्ण वाक्यात. ‘चोर दरवाजा’ हा प्रश्न नव्हे. ‘गुंजवणे गावातून चोर दरवाजाने राजगडावर कसं चढायचं?’ हा प्रश्न आहे. हे वाक्य लिहिताना जिथे अडखळायला होतं, तिथे ती पोस्ट एकतर तीन प्रश्नांत विखुरलेली असते किंवा कोणत्याच प्रश्नाची नसते. मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, कारण पुढचे सगळे निर्णय या एका रकान्यातून निघतात.

रकाना भरला की पहिली गोष्ट लक्षात येते ती पुनरावृत्ती. चोर दरवाजाची तीन वर्णनं एकाच प्रश्नाला तीन वेगवेगळ्या वर्षी दिलेली उत्तरं आहेत. गुगलपुढे ही तिन्ही पानं येतात तेव्हा यातलं नेमकं कोणतं दाखवावं, हे त्याला ठरवता येत नाही. तो कधी एक दाखवतो, कधी दुसरं, आणि कोणतंच फारसं वर येत नाही. हे चाललंय का ते तपासता येतं. गुगल सर्च कन्सोल हे मोफत साधन आपल्या ब्लॉगचे सोळा महिन्यांपर्यंतचे आकडे देतं. त्यात एखादा शोधशब्द निवडून खालची पानांची यादी पाहायची. एकाच शब्दावर दोन-तीन पानं दिसत असतील, सगळ्यांचा सरासरी क्रमांक खालचा असेल आणि त्यांची अदलाबदल होत असेल, तर आपल्याच पोस्ट एकमेकींचे पाय ओढत आहेत असं समजावं.

इथे एकत्रीकरण करावं लागतं. तिन्हींमधलं जे पान आधीपासून जास्त वाचलं जातं किंवा ज्याला बाहेरच्या संकेतस्थळांनी लिंक दिलेली आहे, त्याचा पत्ता ठेवायचा. बाकी दोघींमधलं उपयोगी वर्णन त्यात आणायचं आणि त्या दोन जुन्या पत्त्यांवरून कायमचं रीडायरेक्ट, म्हणजे 301, नव्या पानाकडे लावायचं. वर्डप्रेसवर यासाठी प्लगइन मिळतात. ब्लॉगरच्या सेटिंगमध्येही स्वतःच्या ब्लॉगपुरतं हे करता येतं, फक्त ते ‘कायमचं’ असल्याचा पर्याय चालू करायला विसरू नये. नुसती जुनी पोस्ट उडवून टाकली, तर तिच्याकडे येणारे वाचक आणि लिंक दोन्ही हवेत विरतात. रीडायरेक्ट किमान वर्षभर तरी काढू नये, आणि कधीच काढलं नाही तर उत्तमच.

मात्र पावसाळी मुक्कामाच्या दोन हकिकती या एकत्रीकरणात ओढू नयेत. हकिकत आणि वाटेची माहिती ही दोन वेगळी लेखनं आहेत. ‘आमच्या बाबतीत काय घडलं’ हे सांगणाऱ्या लेखाला त्याचा स्वतःचा वाचक असतो आणि तो लेख जसा आहे तसाच राहायला हवा. ही पद्धत यंत्रासारखी राबवणाऱ्यांनी मराठीतली कित्येक सुंदर प्रवासवर्णनं कापून त्यांच्या मुद्देसूद माहितीपत्रिका केल्या आहेत. ते नुकसान भरून येत नाही. हकिकतीत फक्त एक करायचं. वाटेचा उल्लेख जिथे येतो, तिथून वाटेच्या पोस्टकडे एक लिंक द्यायची.

आता मुख्य पान. राजगडाचं पिलर पेज म्हणजे राजगडावरचा सर्वांत लांब लेख नव्हे, आणि चौदा शीर्षकांची अनुक्रमणिकाही नव्हे. पहिल्यांदाच राजगडाला जायचा विचार करणाऱ्या माणसाला सगळा विषय एका बैठकीत समजेल आणि प्रत्येक ठिकाणी ‘याहून जास्त हवं असेल तर इकडे’ असा रस्ता मिळेल, असं ते पान असतं. गडाची ओळख, म्हणजे रायगडाच्या आधी सुमारे पाव शतक ही महाराजांची राजधानी होती, आणि १६६५च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले तेव्हाही हा स्वराज्यात राहिला. मग गडाची रचना, मधोमध बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. मग वाटा, पाणी आणि मुक्काम, ऋतू आणि शेवटी तोरण्याकडे जाणारी वाट. प्रत्येक भागाला शंभर ते दीडशे शब्द पुरतात.

या शंभर-दीडशे शब्दांतच खरी कसोटी असते. संजीवनी माचीच्या भागात दुहेरी तटबंदी आहे एवढं सांगावं, ती का पाहण्यासारखी आहे आणि तिथे जाऊन यायला साधारण किती वेळ राखून ठेवावा, हे सांगावं. बुरूज एकामागून एक कसे येतात, चिलखती बांधणी कशी आहे, दोन तटांमधून फिरताना कुठे जपून उतरावं लागतं, हे स्वतंत्र पोस्टला सोडावं. मुख्य पानानेच सगळं सांगितलं, तर पोटलेखाकडे जायला वाचकाला कारण उरत नाही आणि आपण पुन्हा एकाच प्रश्नाची दोन उत्तरं तयार केलेली असतात. मुख्य पानाने काहीच सांगितलं नाही, तर ते कोणाच्याच उपयोगाचं राहत नाही. भागाचा मजकूर वाचून झाल्यावर वाचकाला निर्णय घेता आला पाहिजे, की हे आपल्याला पाहायचं आहे की नाही. कृती करायला लागणारा तपशील पुढच्या पानावर.

वर्डप्रेसमध्ये ‘राजगड’ नावाचं वर्ग-पान आपोआप तयार होतं, मग हे वेगळं कशाला, असं पुष्कळांना वाटतं. ते वर्ग-पान पुन्हा तारखेचीच यादी असते. त्यात कोण आधी वाचावं, कोण नंतर, दोन वाटांमध्ये फरक काय, यातलं काही नसतं. नवी पोस्ट आली की जुनी खाली सरकते. मुख्य पान माणसाने लिहिलेलं असावं लागतं.

लिंकचं काम दिसायला किरकोळ आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त बिघडणारं. नियम तीनच आहेत. मुख्य पानावरून प्रत्येक पोटलेखाकडे लिंक हवी. प्रत्येक पोटलेखातून मुख्य पानाकडे परत लिंक हवी, शक्यतो पहिल्या दोन परिच्छेदांतच, कारण गुगलवरून थेट पोटलेखावर उतरलेल्या माणसाला आपण मोठ्या विषयाच्या एका कोपऱ्यात उभे आहोत हे लवकर कळावं. आणि पोटलेखांच्या आपसातल्या लिंक जिथे वाचकाचा पुढचा प्रश्न खरोखर तो असतो तिथेच. चोर दरवाजाची वाट वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न पडतो तो असा: ‘ही वाट मुलांना झेपेल का, की पाली दरवाजाने जावं?’ म्हणून त्या वाक्यापाशी पाली दरवाजाच्या पोस्टची लिंक. तिथे इतिहासाच्या लेखाची लिंक देऊन उपयोग नाही. चौदा पोस्टना प्रत्येकी तेरा लिंक देऊन जाळं विणणारे लोक आहेत. तेवढ्या लिंक असल्या, की वाचक एकीकडेही वळत नाही आणि कोणतं पान मुख्य हेही कोणाला कळत नाही.

लिंक कोणत्या शब्दांवर आहे, यालाही वजन असतं. ‘इथे क्लिक करा’ या शब्दांवरून वाचकाला किंवा गुगलला पुढच्या पानाबद्दल काहीच कळत नाही. ती अशी असावी:

```html
<a href="/rajgad-chor-darwaja/">चोर दरवाजाची वाट</a>
मुलांना अवघड जाते.
```

वाक्य चालू आहे, त्यातच पुढच्या पानाचं नाव आलं आहे. लेखाच्या तळाशी ‘हेही वाचा’ म्हणून टाकलेल्या पाच लिंकपेक्षा मजकुरातली अशी एक लिंक जास्त कामाची, कारण तिथे वाचकाच्या मनात तो प्रश्न जागा असतो.

पत्त्यांबद्दल मराठी ब्लॉगलेखकांना जरा जास्त जपावं लागतं. देवनागरी शीर्षक दिलं की ब्लॉगर बहुधा `blog-post_23.html` असा पत्ता बनवतो, त्यावरून पानाचा विषय अजिबात कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारतो, पण तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नुसत्या ‘राजगड’चं `%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%9C%E0%A4%97%E0%A4%A1` होतं. एकेका अक्षरचिन्हाला नऊ चिन्हं लागतात आणि वर्डप्रेस दोनशे चिन्हांना पत्ता तोडतो, म्हणजे देवनागरी शीर्षकातली जेमतेम बावीस अक्षरचिन्हं त्यात मावतात, आणि त्यांत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून नव्या पोस्टसाठी पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि प्रसिद्ध करण्याआधीच ठरवून द्यावा. जुन्या पोस्टचे पत्ते मात्र निव्वळ देखणेपणासाठी बदलू नयेत. ज्या पत्त्यावर वाचक येत आहेत तो कुरूप असला तरी चालतो. लिंक पानांना जोडतात, पत्त्यांचं रूप नाही, त्यामुळे सगळी पानं एकाच फोल्डरखाली नसली तरी क्लस्टर व्यवस्थित उभा राहतो.

लिपीचा प्रश्न मजकुरातही येतो. मराठी माहिती हवी असलेला माणूस शोधताना ‘राजगड किल्ला माहिती’ असंही लिहितो आणि `rajgad fort information in marathi` असंही. दोन्हींसाठी दोन पानं करू नयेत, तो पुन्हा आपल्याशीच झगडा होईल. पान मराठीतच असावं आणि शीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात एकदा रोमन लिपीतलं नाव सहज यावं. राजगड आणि रायगड यांत गोंधळ करणारेही खूप असतात, त्यामुळे मुख्य पानावर ‘रायगड हा वेगळा किल्ला, नंतरची राजधानी’ हे एक वाक्य आणि रायगडावर पोस्ट असेल तर तिची लिंक, हे वाचकाचं खरंखुरं काम करतं.

चौदा पोस्टचं आता काय झालं ते पाहू. चोर दरवाजाच्या तीनच्या जागी एक झाली. राजगड-तोरण्याच्या दोन एकत्र झाल्या. इतिहासाच्या दोघी तपासल्यावर कळलं, की एक राजधानीच्या काळाबद्दल आहे आणि दुसरी गडाच्या बांधकामाबद्दल, म्हणून दोन्ही राहिल्या. नेढ्याच्या फोटोंची पोस्ट म्हणजे चार ओळी आणि वीस छायाचित्रं. ती वाढवून सुवेळा माचीचा पूर्ण लेख करावा लागला. रकाना पाहताना एक उणीवही दिसली. गडावर पाणी आणि मुक्काम यावर एकही पोस्ट नाही, ती माहिती हकिकतींमध्ये तुकड्या-तुकड्यांनी पडलेली आहे. हा पोटलेख नवा लिहायचा. मुक्कामाचे नियम बदलत राहतात, म्हणून ते या एकाच ठिकाणी असावेत आणि बाकी सगळ्यांनी इकडे बोट दाखवावं. नियम बदलला की एकच पान दुरुस्त करावं लागतं. चौदातल्या तीन पोस्ट कमी झाल्या, एक नवी आली, आणि मुख्य पान धरून तेरा पानांचा संच झाला. एकूण शब्द कदाचित आधीपेक्षा कमीच भरतील.

पोटलेख किती बारीक करायचे, हा मोह आवरावा लागतो. गडाच्या प्रत्येक दरवाजावर, प्रत्येक टाक्यावर वेगळी पोस्ट काढली, तर दीडशे शब्दांची पोकळ पानं तयार होतात. ज्या प्रश्नाचं उत्तर तीन वाक्यांत संपतं, तो दुसऱ्या पोस्टचा परिच्छेद असतो. उलट राजगड-तोरणा ट्रेकसारखा विषय दोन किल्ल्यांच्या सीमेवर असतो. त्याची पोस्ट एकच ठेवावी आणि उद्या तोरण्याचं मुख्य पान झालं, तर तिथूनही तिच्याकडेच लिंक द्यावी. प्रत घेऊन दोन्हीकडे ठेवू नये.

परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. गुगलने बदललेली पानं पुन्हा पाहून जाईपर्यंत आकडे हलत नाहीत, आणि मधल्या काळात जोडलेल्या पोस्टचे आकडे थोडे खालीही येऊ शकतात. तेव्हा घाबरून सगळं पूर्ववत करू नये. तीनेक महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये पाहायचं ते हे: ‘राजगड’ यासारख्या रुंद शब्दावर मुख्य पान दिसतंय का, आणि ‘संजीवनी माची’, ‘चोर दरवाजा’ अशा नेमक्या शब्दांवर त्या-त्या पोस्ट दिसतात का. संजीवनी माची शोधणाऱ्याला मुख्य पानच दिसत असेल, तर त्या भागात आपण गरजेपेक्षा जास्त लिहिलं आहे किंवा पोटलेख अजून अशक्त आहे. त्याच साधनात अंतर्गत लिंकचा अहवालही मिळतो. आपल्या ब्लॉगवर सर्वाधिक लिंक कोणत्या पानाला आहेत, हे त्यात दिसतं. तिथे राजगडाच्या पानांमध्ये मुख्य पान सर्वांत वर नसेल, तर परतीच्या लिंक कुठेतरी राहून गेल्या आहेत.

या रचनेच्या मर्यादाही आहेत. नुसत्या ‘राजगड’ या शब्दावर विकिपीडिया आणि मोठी पर्यटन संकेतस्थळं आधीच बसलेली आहेत. आतल्या लिंक कितीही नीट असल्या, तरी एका माणसाचा ब्लॉग त्यांना तिथून सहज हलवू शकणार नाही. त्याचा खरा लाभ नेमक्या प्रश्नांवर होतो, जिथे पावलापावलाचं वर्णन प्रत्यक्ष चढलेल्या माणसाकडेच असतं. आणि कविता, स्फुट लेख, आठवणी यांच्या ब्लॉगला हा साचा लावण्यात अर्थ नाही, कारण तिथे वाचक प्रश्न घेऊन येतच नाही.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यांत आहे, त्यामुळे ‘युनेस्कोचे बारा किल्ले कोणते?’ हा प्रश्न आपल्या भटक्याच्या ब्लॉगकडेही येणारच. तो राजगडाच्या क्लस्टरमध्ये बसत नाही. तो त्याच्याहून मोठा आहे आणि त्याचं मुख्य पान वेगळं असेल, ज्याच्या खाली राजगडाचं पान स्वतःच एक पोटपान म्हणून येईल. पण बारांपैकी चारच किल्ल्यांवर लिखाण असेल, तर असं पान काढून आठ ठिकाणी रिकाम्या जागा ठेवण्यापेक्षा तूर्त राजगडाच्या मुख्य पानावर दोन वाक्यांचा एक भाग पुरे. साल्हेर, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी पाहून झाले आणि त्यांच्यावर लिहून झालं, की ते पान लिहायला घ्यावं.